वहीत ३२, कॅनमध्ये ४१

मी गावातल्या पतसंस्थेत एकवीस वर्षं कॅशला बसते. संध्याकाळी एक रुपयाचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत उठत नाही. त्यामुळे आमच्या आत्तींच्या जेवणाच्या वहीत ३२ ग्रॅम प्रोटीन आणि तपासणीच्या कागदावर ४१ ग्रॅम, असं बघितल्यावर माझी झोपच उडाली. नऊ ग्रॅम गेले कुठं? म्हणजे गेले नव्हते, आले होते. कुठून आले, ते कळत नव्हतं.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, वय अडुसष्ट. आमचं घर येळ्ळूरचं. पावसाळ्यात भात, ते कापलं की त्याच शिवारात मसूर, त्यामुळे घरात मसुराची आमटी रोजची. आत्तींना साखर नाही, पण बी.पी. जुनं आहे, आणि त्यानंच मूत्रपिंडं झिजवली. मूत्रपिंडं किती काम करतात ते सांगणारा त्यांचा ईजीएफआर २४ वर आला तेव्हा बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषधं देतो, मीठ कमी करा, आणि प्रोटीनला मर्यादा घालायची. ती किती आणि कशी, ते आहाराच्या मॅडम सांगतील.

मॅडम धारवाडकडच्या. "अज्जी, ऊट आतेन्री?" असं कानडीत जेवण झालं का विचारूनच त्यांनी सुरुवात केली, म्हणून आत्ती तिथंच खूश. काट्यावर वजन ५५ आलं होतं, पण पायाला सूज होती. मॅडमनी नडगीवर अंगठा दाबून खड्डा बघितला आणि हिशेबाला ५२ धरले. सुजेतल्या पाण्याला प्रोटीन लागत नाही, म्हणाल्या. किलोमागं ०.६ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ३१. त्याची वाटणी अशी: सकाळी ६, दुपारी ११, दोन चहांचे मिळून ३, रात्री ११. रात्रीचे ११ शेवटी येतात, म्हणून दिवसभराची चूक तिथंच अंगावर येते. रात्रीचं जेवण माझ्याकडं, कारण मी साडेसहाला घरी येते. म्हणून वहीही माझ्याकडं.

आधी मुलानं मोबाईलवर एक ॲप घालून दिलं होतं. ते तीन दिवसांत काढून टाकलं. त्यात प्रोटीनची पट्टी होती, ती भरली की हिरवी व्हायची. आत्तींचं सगळं जेवण नोंदवल्यावरही पट्टी अर्धी रिकामी, आणि वर सूचना, अजून २३ ग्रॅम बाकी, पनीर खा. व्यायाम करणाऱ्या पोरांसाठी ते बरोबर असेल. तिथं आकडा गाठायचा असतो, म्हणून शंका आली की माणूस कमी धरतो. आमचं उलटं. शंका आली की जास्त धरायचं, कारण चूक झालीच तर ती रेघेच्या आत राहायला हवी. हे मला तेव्हा कळत होतं, पण नुसतं कळत होतं. हातात उतरलं नव्हतं, ते कॅननं दाखवलं.

कॅन म्हणजे चोवीस तासांच्या लघवीची तपासणी. खाल्लेल्या प्रोटीनचा कचरा युरिया होऊन लघवीतून जातो, त्यावरून किती प्रोटीन खाल्लं ते निघतं. एक महिना वही लिहून झाल्यावर मॅडमनी ती करायला सांगितली. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, आणि तिथून पुढची प्रत्येक वेळची लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळचीसुद्धा. आत्तींना लाज वाटायची. "म्हातारपणी ह्ये काय नशिबाला आलंय," असं म्हणत का होईना, त्यांनी केलं.

कागद आला, त्यावर युरिया १०.७ ग्रॅम. मॅडमनी सूत्र आधीच वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं होतं. लघवीतला नायट्रोजन घ्या, त्यात वजनाला ०.०३१ नं गुणून मिळवा, आणि बेरजेला ६.२५ नं गुणा. मी बसमध्येच १०.७ घालून गणित केलं, उत्तर आलं ७७. सत्त्याहत्तर! एवढं प्रोटीन आमच्या घरात कुणीच खात नाही. माझा चेहरा बघून मॅडम हसल्या. कागदावर युरिया लिहिलाय, सूत्राला युरियातला नायट्रोजन हवा. युरियाला २.१४ नं भागायचं, की ५ येतात. त्यात ५२ किलोचे १.६ मिळवले की ६.६, त्याला ६.२५ नं गुणलं की ४१. प्रोटीनच्या शंभर भागांत साधारण सोळा भाग नायट्रोजन असतो, त्यावरून ते ६.२५ आलं. आणि वजनाची मिळवणी कशाला, तर शौचातून वगैरे जो नायट्रोजन जातो तो कॅनमध्ये येत नाही, त्याचा तो अंदाज.

मी म्हटलं, कॅनमध्येच गडबड झाली असेल, एखादी वेळ सुटली असेल. मॅडम म्हणाल्या, सुटली असती तर आकडा कमी आला असता, वाढला कसा? हे मला कॅशियर म्हणून पटायला हवं होतं. पहिली टाकायची ती टाकलीच होती, मी स्वतः बघितली होती. म्हणजे कॅन बरोबर, वही चूक.

मग नऊ ग्रॅमचा शोध. पहिला संशय मी आमटीवर घेतला. घरात पाच माणसांची आमटी एकाच पातेल्यात, आत्तींच्या वाटीत वरचं पातळ पडलं की तळाचं घट्ट, ते पळीवर अवलंबून. पण तो सगळा मामला जास्तीत जास्त ग्रॅम-दोन ग्रॅम इकडंतिकडं, आणि कधी जास्त तर कधी कमी. रोज एकाच बाजूला जाणारी चूक वेगळी असते. ती कुठल्या तरी कायमच्या मापात बसलेली असते.

ती भाकरीत सापडली. वहीत मी एका भाकरीला ५० ग्रॅम पीठ, म्हणून ५ ग्रॅम प्रोटीन धरलं होतं. जोंधळ्याच्या शंभर ग्रॅम पिठात जवळजवळ दहा ग्रॅम प्रोटीन असतं, तो आकडा बरोबरच होता. पण ५० ग्रॅम कुणी मोजले होते? कुणीच नाही. मॅडमनी विचारलं तेव्हा मी हातानं आकार दाखवला होता, तेवढंच. आता रविवार पेठेतून इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि पिठाचा डबाच काट्यावर ठेवला. आधी डब्याचं वजन, मग एक भाकरी थापून तव्यावर टाकली, परातीत खाली पसरलेलं उरलं-सुरलं पीठ पुसून परत डब्यात, आणि पुन्हा वजन. ७० ग्रॅम. पुन्हा केलं, ७१. आमची भाकरी मोठी असते हे मला माहीत होतं, पण थापताना खाली पसरायचं पीठ भाकरीला किती चिकटतं, ते कधी डोक्यात आलंच नव्हतं. एका भाकरीमागं दोन ग्रॅम, दुपारची एक आणि रात्रीची एक. चार ग्रॅम सापडले.

पुढचे दोन कुटात. आमच्याकडं वांगं असो, दोडका असो, भाजी शेंगदाण्याच्या कुटाशिवाय उतरत नाही. वहीत मी भाजी लिहीत होते, कूट लिहीतच नव्हते. तो मसाल्यात धरायचा, असं कुठं तरी डोक्यात होतं. शेंगदाण्याच्या शंभर ग्रॅममध्ये तेवीस-चोवीस ग्रॅम प्रोटीन, म्हणजे डाळीच्या बरोबरीचं. आत्तींच्या वाटणीला दोन वेळचा मिळून आठ-नऊ ग्रॅम कूट जात होता. दोन ग्रॅम झाले.

राहिले तीन. ते चार दिवस सापडले नाहीत. मग एका रविवारी दुपारी मी घरीच होते, आणि साडेचारला आत्ती चप्पल घालून पलीकडच्या काकूंकडं निघाल्या. तिथं रोज एक चहा होत होता. काकूंकडं म्हैस, त्यामुळे चहा म्हणजे दूधच, पाणी नावाला. मी विचारलं, आत्ती, हा चहा तुम्ही सांगितला कसा नाही?

"चहा काय जेवण हाय काय गं, सांगायला?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी रोज विचारत होते, जेवणात काय खाल्लं. म्हशीच्या दुधाच्या शंभर मिलीत साडेतीन ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं. काकूंच्या कपात ऐंशी मिली दूध धरलं, तर तीन ग्रॅम. फरक शून्य. त्या रात्री मी नीट झोपले.

इथपर्यंत ऐकून माझी नणंद म्हणाली, झालं की मग, सुटला प्रश्न. सुटला नव्हता. पुढची चूक मी केली, आणि ती जास्त वाईट होती.

काटा आल्यावर मी सगळंच मोजायला लागले, आणि ताटात वाढलेला भातही मोजला. १२० ग्रॅम. तांदळाचा आकडा शंभराला आठ, म्हणून साडेनऊ ग्रॅम! अकरातले साडेनऊ एकट्या भाताला? मी घाबरून भात निम्मा केला, भाकरी अर्धी केली. वहीत आकडे छान दिसायला लागले, रात्रीचे सात, कधी सहा. मला वाटलं, ३१ च्या आत जितकं खाली तितकं मूत्रपिंडाला बरं.

तीन आठवड्यांत आत्तींचं वजन ५२ चं ५० झालं, आणि ती सूज उतरल्याची घट नव्हती, सूज औषधानं आधीच गेली होती. दंडाचं मांस सैल पडलं. उंबऱ्यावरून उठताना चौकटीला धरायला लागल्या. आणि रक्तातला युरिया उतरायचा, तो होता तिथंच.

मॅडमनी वही बघितली आणि बोट भाताच्या ओळीवर ठेवलं. आठचा आकडा कोरड्या तांदळाचा. शिजताना तांदूळ पाणी पितो, चाळीस ग्रॅमचा एकशेवीस होतो, प्रोटीन आहे तेवढंच राहतं, तीन ग्रॅम आणि थोडं. म्हणजे मी तिपटीनं मोजत होते. जास्त धरणं चांगलं म्हटलं तरी हे जास्त धरणं नव्हतं, ही चूकच होती. त्या दिवसापासून आमच्या घरात शिजलेलं काही काट्यावर जात नाही. जे मोजायचं ते कोरडं, कच्चं.

आणि दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला आधी कळली असती तर बरं झालं असतं. प्रोटीन कमी करताना पोट भरणारी ताकद, म्हणजे कॅलरी, कमी होऊन चालत नाही. ती कमी पडली की शरीर स्वतःचं मांस मोडून जाळतं, आणि त्या मांसाचा कचराही युरिया होऊन मूत्रपिंडाकडंच जातो. म्हणजे बाहेरून वाचवलेलं प्रोटीन आतून आलं. आत्तींना दिवसाला किलोमागं तीस कॅलरी, साधारण पंधराशे-साडेपंधराशे हव्यात, त्यातल्या पाचशेच्या वर रात्री. तेव्हापासून वहीत दोन रकाने आहेत. एकाला वरची रेघ, दुसऱ्याला खालची.

आता रात्रीचं ताट कसं बसवते ते सांगते, एका मंगळवारचं. सुरुवात अकरापासून, आणि अकरातला अर्धा ग्रॅम मी आधीच बाजूला काढते. तो वाटायचा नाही, पळी-चमच्याच्या चुकीला ठेवायचा. राहिले साडेदहा. पहिली भाकरी, कारण तिच्याशिवाय आत्तींना जेवण झाल्यासारखं वाटत नाही. पीठ ४५ ग्रॅम, खाली पसरायचं त्यातलंच काढून ठेवायचं. साडेचार गेले. मग तूरडाळ १० ग्रॅम, एका लहान वाटीत वेगळी, कुकरमध्ये सगळ्यांच्या डाळीच्या शेजारी. फोडणी एकाच कढईतली, पण डाळ त्यांची त्यांची, म्हणजे पळीचा वाद मिटला. डाळीचे २.२. दुधीची भाजी शंभर ग्रॅमची. दुधीत अर्धा ग्रॅमसुद्धा जेमतेम, पण भाज्यांना मी सरसकट एक धरते, रोज वेगळा आकडा बघत बसायला वेळ नाही. कुटाच्या जागी १० ग्रॅम ओलं खोबरं, त्याचे ०.४. इथपर्यंत ८.१ झाले. उरले २.४, आणि ते तांदळाचे: ३० ग्रॅम तांदूळ, बरोबर २.४. भात सगळ्यात शेवटी ठरतो, कारण तो दोन-चार ग्रॅमनं कमी-जास्त केला तर कुणाला कळत नाही. भाकरी कमी केलेली लगेच कळते.

कॅलरीची बेरीज केली तर भाकरी, भात, डाळ, भाजी, खोबरं मिळून साडेतीनशेच्या आसपास. पाचशेला दीडशे-पावणेदोनशे कमी. ते तुपातेलानं भरायचे, कारण त्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच. भाजीला दोन चमचे तेल, भातावर-भाकरीवर दोन चमचे तूप. आयुष्यभर ज्या बाईला आम्ही बी.पी.मुळं तूप कमी खा म्हणून सांगितलं, तिला आता मी वाढून देते, आणि ती माझ्याकडं संशयानं बघते. ज्या दिवशी भूक नसते आणि भात उरतो, त्या दिवशी साबुदाणा. पन्नास ग्रॅम साबुदाण्यात पावणेदोनशे कॅलरी आणि प्रोटीन चिमूटभरसुद्धा नाही. पाण्यात शिजवून साखर, वेलदोडा, तूप. दूध घालायचं नाही आणि खिचडी केली तर कूट नाही. कुटाशिवाय साबुदाण्याची खिचडी ही काय खायची गोष्ट आहे का, हे माझंही मत आहे, पण जिरं, मिरची आणि खोबऱ्यावर ती बरी लागते.

मसूर बंद नाही. आमच्या शिवारातला मसूर बंद केला असता तर घरात भांडणच झालं असतं. तो तुरीच्या जागी तेवढाच, दहा ग्रॅम, वाटीत बुडालेला दिसतो एवढासाच. आमटी पातळ होते, म्हणून चिंच-गूळ थोडा जास्त.

एक गोष्ट मात्र आत्तींना बरेच दिवस पटत नव्हती. दवाखान्याच्या बाकावर संकेश्वरचे एक गृहस्थ भेटायचे, डायलिसिसवाले. त्यांना मॅडमनी रोज अंड्याचा पांढरा भाग खायला सांगितलेला. आत्ती म्हणाल्या, "त्यांचं मूत्रपिंड माझ्यापेक्षा गेलेलं, त्यांना अंडी, आणि मला मोजून आमटी?" मॅडमनीच समजावलं. डायलिसिस सुरू झालं की कचरा यंत्र काढतं, आणि कचऱ्याबरोबर प्रोटीनचे कणही धुऊन जातात. तिथं किलोमागं एक ग्रॅमच्या वर खावं लागतं, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आमची वही त्यांच्या घरात नेली तर त्यांना अपायच होईल. शेजारच्या गल्लीतल्या एकांनी आमच्या वहीचं झेरॉक्स मागितलं होतं, त्यांनाही मी आधी हेच विचारलं, डायलिसिस चालू आहे का? साखर आहे का? आणि मॅडमकडं पाठवलं.

दोन महिन्यांनी दुसरा कॅन दिला. युरिया ७.५ ग्रॅम. मी या वेळी बसमध्ये आधी २.१४ नं भागलं, साडेतीन आले. वजन पुन्हा ५२ वर होतं, आणि ते स्थिर असेल तरच हे सूत्र खरं बोलतं. १.६ मिळवले, ६.२५ नं गुणलं, ३२. वहीत त्या दिवशी ३१ होते. एक ग्रॅमचा फरक मी शोधला नाही. पतसंस्थेत शोधला असता.

परवा रात्री मी पानं घेतली तर आत्ती डब्याकडं बघत म्हणाल्या, "आज आमटी नको मला. त्याच्या जागी शेंगाचटणी किती येते?"

मी म्हटलं, नऊ ग्रॅम येते, २.२ ची.

"नऊ म्हणजे चमचाभर?"

चमचाभर.

"मग काय करायलीस बसून, मोज की." आणि मी काटा काढेपर्यंत त्यांनी भातात आळं करून त्यात तूप सोडलं, चटणी पडायच्या आधीच.